बायपासच्या ऑपरेशननंतरची पाळी, गोळी आणि बाळ

प्रश्न: माझं वय 29, उंची पाच फूट एक इंच. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. पीसीओडी होतं, चार-चार महिने पाळी यायची नाही. सहा महिन्यांपूर्वी नागपूरला वजनाचं बायपास ऑपरेशन झालं. तेव्हा 112 किलो होते, आता 84. ऑपरेशननंतर तीन महिने पाळी नव्हती, मग एकदा बारा दिवस खूप गेलं, त्यानंतर दोन वेळा 31-32 दिवसांनी बरोबर आली. सर्जन म्हणतात दीड वर्ष मूल नको. घरचे म्हणतात आता लायनीवर आली आहे, परत बंद पडली तर? आशाताईंनी माला-एन दिली आहे. ती घेऊ की चान्स घेऊ?

उत्तर:

ताई, चान्स आत्ता घेऊ नका आणि माला-एनच्या भरवशावरही राहू नका. आजपासून निरोध वापरा, घरीच एक कार्ड टेस्ट करून घ्या, आणि पुढच्या पाळीच्या दिवसांत जवळच्या स्त्रीरोग डॉक्टरांकडे जाऊन हार्मोनची कॉपर-टी बसवून घ्या. आता हे का, ते सांगते. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वीस-बावीस वर्षं प्रॅक्टिस करते आहे. पूर्वी असा पेशंट वर्षातून एखादा यायचा, आता महिन्याला दोन-तीन येतात. ऑपरेशन नागपूरला होतं, पण पाळीची आणि पोट राहण्याची गोष्ट गावातच निस्तरावी लागते.

आधी तुमची पाळी अशी का वागली ते बघू. पीसीओडीत दर महिन्याला बीज पिकून फुटत नाही. बीज फुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. दुसरीकडे अंगावरची चरबी स्वतः थोडं इस्ट्रोजेन बनवत असते. म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराला खत रोज मिळतं, पण कापणीचा दिवस येतच नाही. अस्तर महिनोन्‌महिने वाढत राहतं. ऑपरेशननंतर वजन भराभर उतरलं, इन्सुलिन खाली आलं, आणि अंडाशयावरचा त्याचा दाब सुटला. पहिले दोन-तीन महिने शरीर उपाशी असल्यासारखं वागतं, त्यामुळे पाळी आली नाही. मग हार्मोन एकदम हलले आणि इतक्या दिवसांचं साठलेलं अस्तर एकाच वेळी निघालं. तुमचे बारा दिवस बहुतेक तेच होते. त्यानंतरच्या दोन पाळ्या वेळेवर आल्या, याचा अर्थ बीज फुटायला लागलं असावं. खात्री करायची तर पाळीच्या साधारण सात दिवस आधी, म्हणजे तुमच्या बाबतीत 24 किंवा 25 व्या दिवशी, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन तपासतात. ते 3 च्या वर आलं तर बीज फुटलं.

त्या बारा दिवसांबद्दल मात्र एक काम राहिलं आहे. अनेक वर्षं वजन जास्त आणि पाळी अनियमित असेल तर अस्तरात कधीकधी नको ते बदल होतात, आणि ते 29 व्या वर्षीही होऊ शकतात. पाळी संपल्यावर लगेच एक सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघा. तेव्हा ते पातळच असायला हवं. जाड दिसलं, किंवा परत तसंच जोरात गेलं, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये डाग लागायला लागले, तर बारीक नळीने अस्तराचा तुकडा घेऊन तपासणीला पाठवतात. ओपीडीत पाच मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही. 'वजन उतरलं की सगळं जागेवर येईल' म्हणून हे सोडून देणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत.

आता मुख्य मुद्दा. पाळी यायच्या आधी बीज फुटतं, हा क्रम बऱ्याच जणींच्या लक्षात येत नाही. बीज फुटल्यावर दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणून ऑपरेशननंतर पहिली पाळी दिसायच्या आधीच एक महिना असा येऊन जातो, ज्यात पोट राहू शकतं. ज्या बाईला वर्षानुवर्षं 'तुला मूल होणार नाही' असंच ऐकवलं गेलं, ती काळजी घेतच नाही. घ्यावी असं तिला कुणी सांगितलेलंही नसतं.

काही वर्षांपूर्वी, ऐन सोयाबीन काढणीच्या दिवसांत, एक बाई आली होती. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव सांगत नाही. वय 31, बायपासला नऊ महिने झालेले, वजन 38 किलोंनी उतरलेलं. ऑपरेशननंतर पाळी एकदाच, तीही डागांपुरती. महिनाभर उलट्या सुरू होत्या. सोबत सासू होती. ती म्हणाली, "मॅडम, ऑपरेशनवालं पोट हाय, उलटी तं होनारच ना? पाळी बी त्याच्यानंच बंद हाय." गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून तीन दिवस साखरेचं सलाईन लावलं होतं. बाई आत आली ती दाराची चौकट धरून. डोळे एका बाजूला वळवायला सांगितले तर बुबुळं थरथरत होती. कार्ड टेस्ट केली, दोन रेघा आल्या. सोनोग्राफीत पंधरा आठवडे निघाले. हिमोग्लोबिन 7.6.

इथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. उलटी आणि पाळी न येणं ही दिवस राहिल्याचीच लक्षणं, पण दोन्हींचं खापर ऑपरेशनवर फोडलं गेलं. त्यामुळे साडेतीन महिने कुणाला कळलंच नाही. दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. सतत उलट्या होणाऱ्या बायपासच्या पेशंटच्या अंगातला थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-1 चा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. त्यावर नुसतं साखरेचं सलाईन लावलं की उरलंसुरलं थायमिन ती साखर जाळण्यात जातं आणि मेंदूला इजा होते. तोल जाणं, दोन-दोन दिसणं, बुबुळं थरथरणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हं. तिला आधी शिरेतून थायमिन दिलं, चार-पाच दिवसांत चाल सुधारली. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: बायपास किंवा स्लीव्ह, म्हणजे नुसतं जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन, झालेल्या बाईला उलट्या थांबत नसतील, तर सलाईनच्या आधी थायमिनचं इंजेक्शन. गावात सलाईन लावायला बसलात तर स्वतः तोंडाने सांगा, लाजू नका.

तिचं पुढे बरं झालं. बी-12 ची इंजेक्शनं, शिरेतून लोह, दर महिन्याला बाळाच्या वाढीची सोनोग्राफी. 37 व्या आठवड्यात मुलगी झाली, 2.1 किलोची. चार दिवस नवजात कक्षात ठेवावी लागली. आज ती अंगणवाडीत जाते. दिवस राहिले होते म्हणून कुणी तिला गर्भ पाडायला सांगितलं असतं तर ते चुकीचं झालं असतं. ऑपरेशननंतर लवकर दिवस राहणं हे गर्भपाताचं कारण नाही, जास्त लक्ष द्यायचं कारण आहे.

पण ठरवून त्या वाटेला जाऊ नये, कारण पहिल्या वर्षात तुमचं शरीर स्वतःचंच खात असतं. तुम्ही सहा महिन्यांत 28 किलो उतरलात. याच वेगात अजून काही महिने उतराल. त्या काळात दिवस राहिले तर बाळ वजनाने कमी भरण्याचा आणि दिवसांआधी जन्मण्याचा धोका वाढतो. बायपासमध्ये जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला काढलेला असतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः त्याच सुरुवातीच्या भागात शोषले जातात, आणि बी-12 शोषायला जठरात तयार होणारा एक घटक लागतो. म्हणून तुम्ही ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी सगळं खाल्लं तरी ते पूर्वीइतकं अंगी लागत नाही. सर्जन 12 ते 18 महिने म्हणतात, त्यामागे हे आहे. मी कॅलेंडरसोबत वजनाची डायरीही बघते. वर्ष होऊन गेलं आणि लागोपाठ तीन महिने वजन किलो-दीड किलोच्या आतबाहेरच राहिलं, तर वाट मोकळी.

आता माला-एन. या गोळीचं तुमच्या बाबतीत दोन ठिकाणी अडतं. पहिलं, बायपासनंतर तोंडातून घेतलेल्या हार्मोनचं शोषण किती होईल याचा भरवसा धरता येत नाही, आणि एखादे दिवशी उलटी किंवा जुलाब झाले तर तेवढंही नाही. म्हणून बायपास झालेल्या बाईला तोंडातून घ्यायची कुठलीच गर्भनिरोधक गोळी आम्ही पहिली पसंती म्हणून देत नाही. नुसतं स्लीव्ह झालं असेल तर आतड्याची वाट तशीच असते, तिथे ही अडचण तितकी नाही. दुसरं, माला-एनमध्ये इस्ट्रोजेन आहे. तुमच्या उंचीला 84 किलो म्हणजे बीएमआय 35 च्या आसपास येतो, आणि एवढ्या वजनाला इस्ट्रोजेनने पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पाकिटातल्या तांबड्या गोळ्या लोहाच्या असतात हे खरं, पण तेवढ्यासाठी ती घेण्यात अर्थ नाही.

आशाताई मग छाया देतील. आठवड्याला एक-दोनदाच घ्यायची, हार्मोन नसलेली. गोळी चांगली आहे, पण तीही तोंडातूनच घ्यायची, आणि पीसीओडी असलेल्या बाईला ती द्यायची नसते. आशाताईंचा दोष नाही. त्यांच्या रजिस्टरमध्ये 'बायपास' असा रकाना नाही. तुम्हीच आधी सांगा.

अंतरा इंजेक्शनचं शोषण पोटावर अवलंबून नाही, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तुमच्या जागी जिला दोन मुलं आहेत ती असती तर मी विचार केला असता, तेही हाडांचं आणि वजनाचं बोलून. पण शेवटच्या इंजेक्शननंतर पोट राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. तुम्हाला वर्षभराने मूल हवं आहे, मग आज इंजेक्शन घेऊन पुढचं अर्धं वर्ष सासूबाईंची बोलणी कशाला खायची?

राहिली कॉपर-टी. साधी कॉपर-टी ग्रामीण रुग्णालयात फुकट बसते, पाच किंवा दहा वर्षांची असते, काढली की पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात. तिचा पोटातल्या शोषणाशी काही संबंध नाही. फक्त तिने पाळी थोडी जास्त जाते. तुमचं लोह आधीच शोषलं जात नाही, त्यात दर महिन्याला जास्त रक्त गेलं तर आपण एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो. हिमोग्लोबिन 12 च्या पुढे आणि पाळी चार दिवसांची असेल तर साधी कॉपर-टीही चालेल. तुमच्या त्या बारा दिवसांकडे बघता माझी पसंती हार्मोनच्या कॉपर-टीला. त्यातून रोज अगदी थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध थेट गर्भाशयात झिरपतं. पाळी कमी होते, अस्तर पातळ राहतं, आणि काढली की लगेच मोकळं. खाजगीत काही हजार लागतात, हीच काय ती अडचण. बसवल्यावर पहिले तीन-चार महिने थोडे-थोडे डाग लागतात. त्याला घाबरून काढायला येऊ नका. पुढे पाळी अगदी कमी झाली किंवा आलीच नाही तर घरचे म्हणतील 'बघा, पडली बंद'. अस्तर पातळ झालेलं असतं, म्हणून ती येत नाही. काढल्यावर परत येते.

खरं तर ही कॉपर-टी ऑपरेशनच्या टेबलावरच, भूल दिलेली असताना, बसवता येते. नागपूरला ऑपरेशनला जाणाऱ्या कुणी हे वाचत असतील तर सर्जनांना आधीच विचारा.

बसवेपर्यंत निरोध. तो फाटला तर गोळीवर अवलंबून राहू नका. मेडिकलमधली 72 तासांची गोळी 70 किलोंच्या वर तशीच कमी चालते, त्यात तुमचा बायपास. पाच दिवसांच्या आत साधी कॉपर-टी बसवली तर तो सगळ्यात पक्का उपाय.

घरच्यांची भीती आहे की थांबलं तर पाळी परत बंद पडेल. थांबल्याने पाळी बंद पडत नाही, वजन परत चढल्याने पडते. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फरसाण, गोड चहा, रात्रीचा भात हळूहळू सुरू होतो, 10-12 किलो परत येतात आणि पीसीओडी जुन्या चालीवर जातं. तुमचं वय 29 आहे. तीस-साडेतीसला चान्स घेणं म्हणजे उशीर नाही. 36-37 असतं तर मी बारा महिन्यांच्या पुढे एक दिवस थांबू दिलं नसतं.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून मीच विचारते. सहा वर्षांत तुमच्या मिस्टरांची वीर्यतपासणी झाली का? सगळा दोष तुमच्या पाळीवर गेला म्हणजे ती बहुतेक राहिलीच असणार. दोन ते सात दिवसांचा परहेज ठेवून तालुक्याच्या लॅबमध्ये नमुना द्यायचा, एवढंच. हे वर्ष त्यासाठी मोकळंच आहे. काही निघालं तर उपचाराला वेळ मिळेल, आणि दीड वर्षाने परत तुमच्याकडे बोट दाखवलं जाणार नाही.

उलटही घडतं, तेही सांगून ठेवते. वजन फार वेगाने उतरलं, ताटात प्रथिनं फारच कमी असली, की चांगली चाललेली पाळी थांबते आणि केसही जातात. ऑपरेशन न करता महिनाभर काकडी-ताकावर राहणाऱ्या मुलींमध्येही मी हे बघते. आता वजनाची आठवड्याची इंजेक्शनंही आली आहेत. त्यांच्यावर असाल तर दिवस राहण्याआधी ती बंद करावी लागतात, सेमाग्लुटाइड तर किमान दोन महिने आधी. तुमची पाळी पुन्हा दोन महिने चुकली तर पहिली तपासणी कार्डची, बाकी सगळं नंतर.

वजन थांबलं आणि मूल हवं असं ठरलं की कॉपर-टी काढण्याच्या तीन महिने आधी माझ्याकडे किंवा कुणाकडेही या. हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-12, व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि साखर बघायची. बी-12 कमी असेल तर ते आधी भरायचं, मग फोलिक ॲसिड. तेव्हाही बीएमआय 30 च्या वर असेल तर रोज 5 मिलीग्रॅमची गोळी देतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच. व्हिटॅमिनच्या बाटलीवर 'रेटिनॉल' लिहिलं असेल तर ती बदलून बीटा-कॅरोटीनची घ्या, जास्त रेटिनॉल गर्भाला बाधतं. बीपीची टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर तीही आधी बदलायची. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलची तपासणी दोघांचीही, झाली नसेल तर. सिकलसेल असलेल्या बाईच्या अंगातलं पाणी कमी होणं धोक्याचं, आणि ऑपरेशननंतर घोट-घोट पाणी पिणाऱ्यांचं पाणी हमखास कमी पडतं.

दिवस राहिले की उपकेंद्रात नोंदणी करताना सिस्टरना दोन गोष्टी सांगा. पहिली, साखरेची तपासणी. सगळ्या गरोदर बायांना 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. बायपास झालेल्या बाईला एवढं ग्लुकोज एकदम दिलं की ते थेट आतड्यात उतरतं. घाम, धडधड, चक्कर येते, आधी साखर खूप चढते मग खूप उतरते, आणि रिपोर्टही फसवा येतो. त्याऐवजी 24 ते 28 आठवड्यांच्या दरम्यान एक आठवडाभर घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर लिहून ठेवायची.

दुसरी, पोटदुखी. बायपासनंतर आतड्यांमध्ये काही फटी राहतात. गर्भाशय वाढून आतडी वर ढकलली गेली की एखादं आतडं त्या फटीत अडकू शकतं. बेंबीच्या वर अचानक, थांबून-थांबून जोरात दुखणं, सोबत उलटी, असं सहाव्या महिन्यानंतर झालं तर ॲसिडिटीची गोळी घेऊन रात्र काढू नका. ज्या दवाखान्यात पोटाचे सर्जन आणि सीटी स्कॅन दोन्ही आहेत तिथेच जा, मग तो दोन तास लांब का असेना. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड आधार कार्डाच्याच पिशवीत ठेवा आणि त्यावर 'बायपास' हा शब्द लाल पेनाने गोल करून ठेवा. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या डॉक्टरला तो एक शब्द दिसला तर पुरे.